पहिल्या भेटीचा सारांश: तक्रारीपासून जोखमीपर्यंत

समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी समुपदेशन केंद्रात येऊ लागले की पहिल्या महिन्यातच त्यांच्यापुढे एक काम येते. नवीन सल्लार्थी येतो, त्याच्याशी पाऊण-एक तास बोलणे होते, आणि मग त्या बोलण्याचा दीड-दोन पानांचा सारांश लिहायचा असतो. विद्यार्थ्यांना बोलणे जमते, पण लिहायला बसले की पेन अडते. कोणी सहा पाने लिहितो, तर कोणी चार ओळींत गुंडाळतो. छापील नमुना सगळीकडे असतो. त्यात मुख्य तक्रार, तक्रारीचा इतिहास, पूर्वेतिहास, कौटुंबिक माहिती, मनःस्थिती आणि जोखीम असे रकाने असतात. पण कोणत्या रकान्यात काय लिहावे आणि ते का, हे नमुना सांगत नाही. प्रस्तुत लेखात एका प्रौढ सल्लार्थीचे उदाहरण घेऊन ते सांगण्याचा प्रयत्न केला आहे. हे उदाहरण कोणा एका व्यक्तीचे नाही. अनेकांच्या हकिगती मिसळून ते तयार केले आहे.

आधी हा सारांश कोण वाचतो ते लक्षात घ्यावे. लिहिणारा तो स्वतःसाठी लिहीत नसतो. पुढच्या शनिवारी दुसरा समुपदेशक बसलेला असेल, तो वाचेल. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ वाचतील, आणि त्यांच्यापुढे रांग असल्यामुळे त्यांना दोन मिनिटेच मिळतील. सहा महिन्यांनी सल्लार्थी पुन्हा आला तर तेव्हाचा नवा विद्यार्थी वाचेल. या तिघांनाही लिहिणारा काही विचारू शकणार नाही असे धरूनच लिहावे.

आता उदाहरण. त्रेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसोबत जुलै महिन्यात केंद्रात आले. त्यांना आपण श्री. क म्हणू. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते चौदा वर्षे कंत्राटी कामगार होते. मुलगी यंदा दहावीला, मुलगा सातवीत. एका विद्यार्थ्याने त्यांच्याशी बोलून पहिला मसुदा लिहिला, तो असा:

“सल्लार्थी नैराश्यग्रस्त व व्यसनाधीन आहे. नोकरी गेल्यामुळे टेन्शन आले आहे. पूर्वेतिहास विशेष नाही. कुटुंब सहकार्य करते. आत्महत्येचा विचार नाही. समुपदेशनाची गरज आहे.”

वाचायला हे नेटके वाटते. यातले एकही वाक्य उघड खोटे नाही, तरीही डॉक्टरांना यातून काहीही कळत नाही. यातली दोन वाक्ये तर धोकादायक आहेत. ती कोणती ते पुढे येईल.

पहिला रकाना मुख्य तक्रारीचा. येथे सल्लार्थीचे शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहावेत, आपले लिहू नयेत. श्री. क बसल्याबरोबर म्हणाले होते, “डोकं जड होतं, पहाटे जाग येते, बाकी काही नाही.” पत्नी म्हणाल्या होत्या, “हे घरात बोलतच नाहीत. रोज पितात.” ही दोन वाक्ये म्हणजे दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्ही लिहायच्या, कोणाचे वाक्य कोणते ते दाखवून. मसुद्यातील “नैराश्यग्रस्त” हा शब्द दोघांपैकी कोणीच उच्चारला नव्हता. तो विद्यार्थ्याचा निष्कर्ष होता, आणि निष्कर्षाची जागा पानाच्या शेवटी असते. निष्कर्ष सुरुवातीला लिहिला की वाचणाराही तोच चष्मा लावून पुढचे वाचतो. “टेन्शन” या शब्दाबाबत आणखी सावध राहावे. आपल्याकडे टेन्शन म्हणजे काळजी, राग, छातीतली धडधड, कर्ज, सासूशी भांडण, यांपैकी काहीही असते. सल्लार्थीने टेन्शन म्हटले तर तेथेच विचारावे, “टेन्शन आलं म्हणजे तुम्हाला नेमकं काय होतं?” जे उत्तर येईल ते लिहावे.

आणखी एक प्रश्न येथे हवा आणि तो बहुधा राहून जातो: आजच का आलात? त्रास चार महिन्यांचा आहे, मग जुलैच्या याच आठवड्यात येण्याचे कारण काय? श्री. क यांनी खांदे उडवले. पत्नीने सांगितले की दोन आठवड्यांपूर्वी ते रात्री अडीच-तीनला उठून कुठेतरी गेले होते आणि उजाडल्यावर परतले, तेव्हापासून त्यांना भीती वाटते. विद्यार्थ्याने हे ऐकले होते. पण त्यासाठी नमुन्यात रकाना नव्हता, म्हणून ते लिहिले गेले नाही. पुढे कळले की सगळ्या हकिगतीतला सर्वांत महत्त्वाचा धागा तोच होता.

दुसरा भाग तक्रारीच्या इतिहासाचा. कधी सुरू झाले, कसे वाढले, कशाने कमी-जास्त होते आणि रोजच्या जगण्यात काय बंद पडले, एवढे येथे यायला हवे. अडचण तारखांची असते. “कधीपासून?” असे विचारले की “बरेच दिवस झाले” हे उत्तर ठरलेले. अशा वेळी सणवार, परीक्षा, पेरणी, लग्न यांचा आधार घ्यावा. श्री. क यांना विचारले, “यंदाच्या चौदा एप्रिलला झोप बरी होती का?” ते थोडे थांबले आणि म्हणाले की यंदा जयंतीच्या मिरवणुकीला ते गेलेच नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा. पोरं बोलवायला आली होती, तर त्यांनी पोट दुखतंय म्हणून सांगितले आणि आत जाऊन झोपले. एका उत्तरातून तीन गोष्टी मिळाल्या: एप्रिलच्या मध्यापर्यंत त्रास सुरू झालेला होता, आवडीच्या गोष्टीतला रस गेला होता, आणि ते लोकांना टाळू लागले होते. “रस वाटत नाही, हो किंवा नाही” अशा रकान्यापेक्षा मिरवणुकीची ही एक ओळ डॉक्टरांच्या जास्त कामाची आहे.

बाकीचा क्रम मग सहज जुळला. फेब्रुवारीअखेर कंत्राट संपले. मार्चभर ते दुसरे काम शोधत होते, तेव्हा झोप ठीक होती. एप्रिलपासून पहाटे तीनला जाग येऊ लागली आणि पुन्हा डोळा लागेना. जेवण कमी झाले, कमरेचा पट्टा दोन भोके आत गेला. जूनमध्ये पतपेढीचा वसुलीचा माणूस घरी आला आणि शेजाऱ्यांसमोर मोठ्याने बोलला. त्या दिवसापासून ते दिवसाउजेडी घराबाहेर पडत नाहीत. हे सगळे चार-पाच वाक्यांत मावते आणि त्यातून कारण, काळ आणि चढती कमान दिसते. येथे एक पथ्य पाळावे. “नोकरी गेल्यामुळे नैराश्य आले” असे कार्यकारण जोडू नये. “काम सुटल्यानंतर सहा-सात आठवड्यांनी त्रास सुरू झाला” इतकेच लिहावे. कामगाराचे काम सुटले म्हणजे आजारही त्यामुळेच, असे आपण पटकन धरतो आणि थायरॉइड, मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या यांची चौकशी राहून जाते. तीही त्याच पानावर एका ओळीत हवी. नसेल तर “मधुमेह व थायरॉइडची तपासणी झालेली नाही” असे लिहावे. विचारले नाही, तपासले नाही आणि आढळले नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सारांश लिहिताना सर्वांत जास्त घोळ येथे होतो.

दारूचेही तसेच. “व्यसनाधीन” हा शिक्का आहे, त्यात माहिती नाही. काय पितात, किती, कधीपासून, आणि न प्यायल्यास काय होते, ते लिहावे. श्री. क पूर्वी फक्त शनिवारी पीत. मेपासून रोज संध्याकाळी एक क्वार्टर. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडे मिळणाऱ्या ४२.८ टक्क्यांच्या दारूत ३० मिलिलिटरला साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल येते, म्हणजे रोज अशी सहा मापे झाली. पुढचा प्रश्न विचारला, “मध्ये कधी बंद करून पाहिली का?” उत्तर मिळाले, “जूनमध्ये दोन दिवस सोडली, तर हात थरथरायला लागले, घाम फुटला. म्हणून परत घेतली.” ही ओळ सारांशात ठळक हवी. शरीराला दारूची सवय लागलेल्या माणसाने ती एकाएकी सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम, असंबद्ध बडबड अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. घरचे शपथ घालतात, गळ्यात माळ घालतात आणि माणूस त्याच दिवशी सोडतो. हेतू चांगलाच असतो, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे. म्हणून दारूची ओळ जोखमीच्या भागातही पुन्हा येते.

आता पूर्वेतिहास. मसुद्यात “विशेष नाही” असे होते. धोकादायक म्हटलेल्या दोन वाक्यांपैकी हे पहिले. विद्यार्थ्याने विचारले होते, “याआधी मानसिक आजार झाला होता का?” या प्रश्नाला आपल्याकडे कोणीही “हो” म्हणत नाही. प्रश्न असा हवा: “आजवर कधी दवाखान्यात भरती व्हावं लागलं का? कशासाठी?” दुसऱ्या बैठकीत हे विचारल्यावर श्री. क म्हणाले, “एकदा, बारा वर्षांपूर्वी. गावाकडे फवारणीचं औषध पोटात गेलं होतं, चुकून. सहा दिवस होतो.” त्यांना विचारले, “चुकून गेलं असं तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं, की खरंच चुकून गेलं होतं?” बराच वेळ ते खाली बघत राहिले आणि मग त्यांनी मान हलवली. पत्नीलाही हे ठाऊक नव्हते.

अशा गोष्टी लपवण्यामागे लाजेइतकीच पोलिसांची भीती असते. तेव्हा कायदा काय म्हणतो ते विद्यार्थ्यांना माहीत असावे. पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ ने असे ठरवले की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला चालवू नये. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ते जुने कलम नाही. सरकारी नोकराला त्याचे काम करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न केला तरच तो गुन्हा धरला आहे. सल्लार्थीला हे साध्या शब्दांत सांगितले की पुष्कळदा जीभ मोकळी होते.

पूर्वेतिहासात आणखी एक प्रश्न विसरू नये. “कधी असे काही दिवस आले होते का, की झोप दोन-तीन तासच, तरी थकवा नाही, उत्साह खूप, बोलणं, खर्च, सगळंच जास्त?” उत्तर “हो” असेल तर डॉक्टरांची औषधयोजनाच बदलते, कारण उन्माद आणि नैराश्य आळीपाळीने येणाऱ्या आजारात नुसते नैराश्याचे औषध देणे उलटू शकते. श्री. क यांच्या बाबतीत तसे नव्हते, आणि “विचारले, नाही” असे लिहिले.

कौटुंबिक व सामाजिक माहितीत वंशावळ लिहीत बसू नये. घरात कोण आहे, मिळकत कोणाची, कर्ज किती, घराण्यात कोणाला असा त्रास होता का आणि विश्वासाचे माणूस कोण, एवढे पुरे. श्री. क यांच्या चुलत्यांनी आत्महत्या केली होती, हे येथेच आले. एक बाब मात्र लिहावी की नाही यावर विद्यार्थ्यांत चर्चा झाली. कंत्राट संपले तेव्हा मुकादमाने त्यांना जातीवरून बोल लावला होता आणि ते शब्द पहाटे जाग आल्यावर कानात वाजतात, असे ते म्हणाले. एका विद्यार्थ्याचे म्हणणे असे की हा सामाजिक प्रश्न आहे, आजाराच्या कागदात त्याचे काय काम? माझे मत वेगळे आहे. नमुन्यात जातीचा रकाना असतो म्हणून जात भरणे निरर्थक आहे. पण झालेला अपमान आणि तो रोज पहाटे आठवणे हा त्यांच्या त्रासाचा भाग आहे. तो त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीने एका वाक्यात यावा.

मनःस्थितीच्या भागात डोळ्यांना दिसले आणि कानांना ऐकू आले तेवढेच लिहावे. “दाढी वाढलेली, आवाज हळू, प्रश्नानंतर उत्तराला उशीर, मुलीचे नाव निघाल्यावर डोळे भरले, भास किंवा संशय नाही, वेळ-स्थळाचे भान ठीक.” “उदास दिसला” यापेक्षा हे बरे, कारण पुढच्या भेटीला दाढी केलेली आहे की नाही हे तुलना करून पाहता येते.

आता जोखीम. धोकादायक वाक्यांपैकी दुसरे होते, “आत्महत्येचा विचार नाही.” मी विद्यार्थ्याला विचारले, “तू कोणत्या शब्दांत विचारलंस?” तो म्हणाला, “तसं थेट नाही विचारलं, पण ते तसे वाटले नाहीत.” मला त्याला रागावता येईना. कारण अनेक वर्षांपूर्वी मीही एका बाईंच्या कागदावर असेच लिहिले होते. सासूबाई शेजारी बसलेल्या होत्या. बाई “बरं आहे” म्हणाल्या आणि मी रकाना भरून टाकला. आठ दिवसांनी त्या रुग्णालयाच्या वॉर्डात दिसल्या. त्या वाचल्या. नंतर मला म्हणाल्या, “तुम्ही विचारलंच नाही, आणि त्यांच्यासमोर विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते?” तेव्हापासून दोन गोष्टी मी सोडलेल्या नाहीत. हा भाग सल्लार्थीशी एकट्याने बोलून करायचा, आणि विचारायचे ते स्पष्ट शब्दांत.

विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही भीती निराधार आहे. उलट विचारल्याने बहुतेकांना हलके वाटते. पण प्रश्न पायरीपायरीने यावेत. “इतका त्रास असला की काहींना जगणं नकोसं वाटतं. तुम्हाला तसं कधी वाटलं?” मग “जीव द्यावा असं मनात आलं का?” मग “कसं करायचं ते मनात होतं का? ते जवळ आहे का? शेवटचं कधी वाटलं? त्या दिवशी काय केलंत? कशामुळे थांबलात?” यातला शेवटचा प्रश्न बहुधा सुटतो, आणि माणसाला जगाशी बांधून ठेवणारा धागा त्याच्याच उत्तरात सापडतो.

श्री. क यांची उत्तरे अशी होती. जूनपासून “आपण नसतो तर बरं” असे वाटते, आठवड्यातून तीन-चारदा, बहुतेक पहाटे. दोन आठवड्यांपूर्वी त्या रात्री ते चालत गावी, भावाच्या शेतातल्या खोलीत गेले होते. फवारणीची बाटली हातात घेतली, अर्धा तास बसले आणि पुन्हा फळीवर ठेवून परत आले. कशामुळे थांबलात? “पोरीचं दहावीचं वर्ष आहे.” आज इरादा आहे का? “आज नाही. पण पहाटेचं काही सांगता येत नाही.”

हे ऐकल्यावर बरेचजण रकान्यात “मध्यम जोखीम” किंवा “तीव्र जोखीम” असा एक शब्द लिहून मोकळे होतात. तो शब्द फारसा उपयोगी नाही. कोणती व्यक्ती पुढे आत्महत्या करील हे कमी, मध्यम, तीव्र अशा वर्गवारीने किंवा गुणांच्या तक्त्याने नीट ओळखता येत नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी वर्गवारी व असे तक्ते भाकितासाठी वापरू नयेत असेच सांगितले आहे. ज्यांना “कमी जोखीम” म्हटले त्यांच्यातूनही माणसे जातात, आणि “कमी” हा शब्द वाचून पुढचा माणूस निर्धास्त होतो. त्याऐवजी चार गोष्टी वाक्यांत लिहाव्यात: आतापर्यंत काय घडले, आज काय आहे, कशाचा आधार आहे, आणि कशामुळे परिस्थिती एकाएकी बिघडू शकते. चौथी गोष्ट सर्वांत कमी लिहिली जाते. श्री. क यांना त्या रविवारी भावाच्या फवारणीला मदत करायला गावी जायचे होते. शिवाय पतपेढीचा माणूस महिनाअखेरीस पुन्हा येणार होता. हे दोन्ही दिवस कागदावर हवेत, कारण कोणी कधी जागे राहायचे ते त्यावरून ठरते.

जोखीम म्हणजे फक्त स्वतःच्या जिवाची नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. दुसऱ्याला इजा, घरातील मारहाण, मुलांची आबाळ आणि सल्लार्थीलाच कोणाकडून धोका, हे सगळे विचारावे. पत्नीला वेगळे बसवून विचारले. मारहाण नव्हती. नाही म्हटल्यावर “पत्नीस वेगळे विचारले, नाही” असे लिहिले. कोणाला, कोणासमोर विचारले हे न लिहिता नुसते “नाही” लिहिले तर त्या नाहीला किंमत नसते.

आता दुरुस्त केलेला सारांश. खालील मजकूर एका पानात बसतो.

“माहिती देणारे: सल्लार्थी व पत्नी, एकत्र व वेगवेगळे. माहिती विश्वासार्ह वाटते. पूर्वीच्या भरतीचे कागद पाहिलेले नाहीत.

मुख्य तक्रार: सल्लार्थी, ‘डोकं जड होतं, पहाटे जाग येते.’ पत्नी, ‘हे बोलत नाहीत, रोज पितात.’ दोन आठवड्यांपूर्वी रात्री घरातून निघून गेल्याने पत्नीने आणले.

इतिहास: फेब्रुवारीअखेर १४ वर्षांचे कंत्राटी काम सुटले. एप्रिलपासून पहाटे ३ ला जाग, भूक कमी, वजन घटले. जयंतीच्या मिरवणुकीला २० वर्षांत प्रथमच गेले नाहीत. काम सुटताना जातीवरून झालेला अपमान पहाटे वारंवार आठवतो. जूनमध्ये वसुलीवाल्याने शेजाऱ्यांसमोर अपमान केल्यापासून दिवसा घराबाहेर पडत नाहीत. मेपासून रोज १८० मिलिलिटर दारू. जूनमध्ये दोन दिवस सोडली असता कंप व घाम. मधुमेह, थायरॉइड तपासलेले नाहीत. पूर्वी उन्मादाचे दिवस: विचारले, नाही.

पूर्वेतिहास: १२ वर्षांपूर्वी कीटकनाशक प्राशन, ६ दिवस भरती. तेव्हा अपघात सांगितला, आज प्रयत्न असल्याचे मान्य. कुटुंबास माहीत नव्हते. चुलत्यांची आत्महत्या.

मनःस्थिती: आवाज हळू, उत्तरास उशीर, मुलीच्या उल्लेखाने डोळे भरले. भास, संशय नाही.

जोखीम: जूनपासून आठवड्यातून तीन-चारदा मरणाचे विचार, बहुधा पहाटे. दोन आठवड्यांपूर्वी भावाच्या शेतात कीटकनाशक हाती घेऊन परत ठेवले. आज इरादा नाकारतात, पहाटेची खात्री देत नाहीत. आधार: मुलीची दहावी, पत्नी, स्वतः मोकळेपणाने बोलले. बिघाड संभवतो: रविवारी गावी फवारणीस गेल्यास, महिनाअखेरीस वसुलीवाला आल्यास, दारू एकाएकी सोडल्यास. इतरांना धोका: पत्नीस वेगळे विचारले, नाही.

मत: नैराश्याची लक्षणे तीन महिन्यांहून अधिक काळ, सोबत दारूचे अवलंबित्व असावे. निदान मानसोपचारतज्ज्ञांनी करावे.

केलेली कार्यवाही: आजच जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पत्नीसह पाठविले, चिठ्ठी दिली, डॉक्टरांशी फोनवर बोललो. सल्लार्थीच्या संमतीने पत्नीस व भावास सांगितले. भावाने औषधे खोलीतून हलवून कुलपात ठेवण्याचे मान्य केले; उद्या सकाळी फोन करून खात्री करणे. रविवारी गावी जाणार नाहीत. दारू आपल्या मनाने सोडू नये असे दोघांस सांगितले. टेलि-मानसचा १४४१६ क्रमांक लिहून दिला. पुढील भेट तीन दिवसांनी. न आल्यास त्याच दिवशी पत्नीस फोन.”

“मत” या भागातील शब्द मोजून वापरले आहेत, हे ध्यानात यावे. उदासी, झोप, भूक, रस जाणे अशी लक्षणे किमान दोन आठवडे टिकली तरच नैराश्याच्या आजाराचा विचार करतात; येथे तीन महिने झाले आहेत. तरीही निदानाचा अधिकार समुपदेशकाचा नाही. “दिसते”, “असावे” ही क्रियापदे येथे भित्रेपणाची नव्हेत, अचूकपणाची आहेत.

कार्यवाहीच्या भागात “सल्लार्थीने जिवाचे बरेवाईट न करण्याचे वचन दिले” असे वाक्य पुष्कळ जुन्या कागदांवर सापडते. ते लिहू नये. अशा वचनाने माणूस वाचतो याला आधार नाही. उलट वचन मोडल्यासारखे वाटून तो पुढच्या वेळी सांगायचेच टाळतो. त्यापेक्षा बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी मांडलेल्या पद्धतीप्रमाणे एक छोटा कागद त्याच्यासोबत बसून करावा: त्रास वाढतोय हे कशावरून कळते, तेव्हा स्वतः काय करायचे, कोणाकडे जायचे, कोणाला सांगायचे, कोणत्या डॉक्टरांना किंवा कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, आणि घातक वस्तू कशा दूर ठेवायच्या. श्री. क यांच्या कागदावर पहिली ओळ होती, “तीनला जाग आली की अंथरुणात पडून राहायचं नाही, हिला उठवायचं.” ती त्यांनी स्वतः लिहिली.

भावाला सांगण्याआधी परवानगी का घेतली, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. जिवाला धोका असेल तेव्हा आवश्यक तेवढी माहिती सांगण्याची मुभाही त्यातच आहे. म्हणजे श्री. क यांनी नकार दिला असता तरी बाटली हलवण्यापुरते भावाला सांगता आले असते. पण आधी विचारणे योग्य, आणि बहुतेक वेळा माणूस हो म्हणतो. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट मात्र भावाला सांगितली नाही. बाटली हलवायला तिची गरज नव्हती.

सारांश त्याच दिवशी लिहावा. दुसऱ्या दिवशी लिहिला तर सल्लार्थीचे शब्द जाऊन आपले शब्द येतात. लिहून झाल्यावर शक्य असेल तर मुख्य तक्रार आणि इतिहास हे दोन भाग सल्लार्थीला वाचून दाखवावेत. विद्यार्थ्याने तसे केले तेव्हा त्याच्या कागदावर मूळ ओळ होती, “कंपनीने कामावरून काढले.” श्री. क यांनी तेथे थांबवले आणि म्हणाले, “कंपनीनं नाही काढलं. कंपनीच्या वहीत माझं नावच नव्हतं कधी. कंत्राटदाराचं कंत्राट संपलं.” विद्यार्थ्याने ओळ खोडली आणि त्यांनी सांगितले तसे लिहिले.